कांडप यंत्राच्या कर्जासाठी लिहिलेली दोन पत्रं

आमची पिठाची गिरणी सासऱ्यांनी टाकलेली. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव लहान, त्यामुळं दळण सगळं आमच्याकडंच येतं. पण उन्हाळा लागला की गावातल्या बायका मिरच्या, धने, खोबरं भाजून डबे भरतात आणि कांडपासाठी एसटीनं तालुक्याला जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात मी गिरणीच्या दारात बसून हे डबे नुसते जाताना बघत होते. गिरणीशेजारची खोली रिकामी होती, थ्री फेजची जोडणी होती आणि माणसं ओळखीची होती. नव्हते फक्त यंत्राचे पैसे.

कर्ज काढायचं ठरलं, म्हणून जुलैत मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. टायपिंग करणाऱ्या पोराकडं तयार नमुना होता, तो असा सुरू व्हायचा : 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करते की, मी एक गरीब व होतकरू महिला असून...' पुढं दीड पान घरची परिस्थिती, मग योजनेचं नाव, मग पंतप्रधानांचं धोरण. रक्कम पाच लाख, कारण मुद्रा योजनेच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत मिळतं असं त्या पोरानंच सांगितलं. परतफेडीबद्दल एकच वाक्य होतं. रोज १०० किलो कांडप होईल, शिवाय सरकारी अनुदान मिळणार आहे, त्यातून कर्जाची नियमित परतफेड करेन. शेवटी 'सोबत आवश्यक ती सर्व कागदपत्रे जोडली आहेत.' तीन पानं झाली. मला ती भारदस्त वाटली होती.

बँकेत कर्जाचं टेबल एका मॅडमकडं होतं. त्यांनी पत्र शेवटापासून वाचायला घेतलं. आधी सही, मग कागदपत्रांची ओळ, मग रक्कम. हातात पेन्सिल होती. 'सर्व कागदपत्रे' याभोवती एक गोल काढला, 'पाच लाख'भोवती दुसरा, '१०० किलो'भोवती तिसरा.

"ताई, पाचच का?"

मी म्हटलं, "मिळतात तेवढे, म्हणून."

"यंत्र कितीचं आहे?"

मला नक्की सांगता येईना. दुकानदारानं तोंडी दोन-अडीच लाख सांगितले होते. बाकीचे पैसे भाजणीचं यंत्र, पाकिटं बंद करायचं मशीन, नवीन शटर आणि मिरची भरून ठेवायला, असं आमच्या डोक्यात होतं. मॅडमनी पुढचं विचारलं, "पावसाळ्यात कोण मसाला करतं?" त्यालाही माझ्याकडं उत्तर नव्हतं. अनुदानाचं तर मी अजून कुठं अर्जही केला नव्हता. तरी ते पत्रात आलंच होतं, कारण नमुन्यात होतं.

त्यांनी पत्र परत दिलं, नाकारलं नाही. म्हणाल्या, "ज्या माणसाच्या सहीनं हे मंजूर होणार, तो तुमची गिरणी बघायला येईलच असं नाही. त्याच्यापुढं हा एक कागद जाणार. पैसे कशाला, परत कुठून, आणि त्याला आधार काय, एवढं एका पानात आणा. आणि तीन महिने गिरणीचा पैसा खात्यात भरा, मग या."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण अडचण तीच होती. दळणाचा धंदा रोखीचा. दोन किलोचं दळण, बारा रुपये, डब्यात. त्या डब्यातूनच दूध, भाजी, पोरांची वह्या-पेन्सिल. पासबुकावर आमची गिरणी दिसतच नव्हती. बँकेच्या दृष्टीनं मी वर्षातून चारदा पैसे भरणारी बाई होते, आणि पत्रात मात्र 'गिरणीचा व्यवसाय उत्तम चालू आहे' असं लिहिलेलं.

ऑगस्टपासून मी दोन गोष्टी केल्या. गल्ल्यातला पैसा दर सोमवारी खात्यात भरायचा, आणि भिंतीवर क्यूआर लावायचा. म्हाताऱ्या बायका रोखच द्यायच्या, पण शिकलेल्या सुना आणि कॉलेजची पोरं मोबाइलवरून द्यायला लागली. शिवाय दळपाची वही सुरू केली. नाव नाही, फक्त धान्य आणि किलो. बाजरी ५, गहू १०, भाजणी ३. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "दळण मोजून लिहितेस, आता पिठाचा वास पण लिही." पण संध्याकाळची बेरीज त्यांनीच करायला घेतली.

वहीत मात्र एक कच्चेपणा होता आणि तो मला दिसत होता. वही माझीच, अक्षर माझंच. मी काहीही लिहीन. याला बाहेरचा पुरावा कुठला, हे शोधताना वीजबिलाचं सुचलं. गिरणीचं मीटर घरापासून वेगळं आहे, त्यावर गिरणीची मोटर आणि एक बल्ब एवढंच चालतं. एका दिवशी मी सकाळी मीटरचा आकडा लिहिला, दिवसभराचं दळण मोजलं आणि संध्याकाळी पुन्हा आकडा लिहिला. असं आठवडाभर केलं. आमच्या गिरणीवर १०० किलो दळायला साधारण साडेसात युनिट जातात असं निघालं. दगडाला नुकती टाकी लावलेली असली की थोडे कमी, दगड गुळगुळीत झाला की जास्त. भाजणीला गव्हापेक्षा जास्त. पण सरासरी साडेसात. मग गेल्या बारा महिन्यांची बिलं काढली. २६० ते ३५० युनिटच्या मध्ये, सरासरी ३०० युनिट महिन्याला. म्हणजे महिन्याला ४,००० किलो दळण, ६ रुपये किलोनं २४,००० रुपये. वहीतले ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे आकडे याच्या आसपासच होते. वही मी लिहिली होती, बिल मात्र मी लिहिलेलं नव्हतं.

पत्राचा पहिला भाग, म्हणजे पैसे कशाला, हा मला सोपा वाटला होता, पण वेळ त्यानंच खाल्ला. दुकानदाराकडून लेखी दरपत्रक आणायचं होतं. पहिलं त्यानं साध्या वहीच्या कागदावर लिहून दिलं, ते चालत नाही. छापील लेटरहेड, जीएसटी क्रमांक, तारीख, यंत्राचं वर्णन, मोटरची अश्वशक्ती, कर धरून एकूण रक्कम, त्याचं बँक खातं, सही-शिक्का, एवढं लागतं, कारण यंत्राचे पैसे बँक माझ्या हातात देत नाही, थेट त्याच्या खात्यात पाठवते. दरपत्रकाला मुदतही असते. जुलैचं दरपत्रक नोव्हेंबरात शिळं झालं आणि मला नवीन आणावं लागलं. त्यात मसाला कांडणाऱ्या डंकीचा भाव सहा हजारांनी वाढला होता.

विजेचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या जोडणीचा मंजूर भार १० अश्वशक्तीचा, तो गिरणीच्या मोटरलाच लागतो. कांडप यंत्र आणि भुकटी करणारा पल्व्हरायझर त्याच जोडणीवर चालवायचे तर भार वाढवून घ्यावा लागणार. मॅडमनी फोनवर हे विचारलं तेव्हा मी गप्पच झाले. यंत्र येऊन बसलं आणि वीजच नाही, तर हप्ता मात्र सुरू झालेला, अशी गत झाली असती. महावितरणकडं वाढीव भारासाठी अर्ज केला, त्यांचं कोटेशन आलं, ते जोडलं.

माल भरायचे पैसे मी यातून काढून टाकले, आणि ते मला पटायला वेळ लागला. आमचं सुरुवातीचं डोकं असं की स्वतःच मिरची घेऊन मसाला विकायचा. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी, भाव मिळेल तेव्हा भरून ठेवायची. पण यंत्र पाच-सात वर्षं चालतं, म्हणून त्याचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं. मिरची दोन महिन्यांत विकली जाते. तिच्यासाठी पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर मिरची संपून जाते आणि तिचं व्याज पाच वर्षं भरत बसावं लागतं. मालासाठी कॅश क्रेडिट असतं, पैसे आले की भरायचे, लागले की काढायचे. ते एखादा हंगाम काढल्यावर मागावं, असं ठरलं. भाजणीचं यंत्र, पाकिटाचं मशीन आणि शटर तर आम्ही स्वतःच खोडलं. बायका घरीच भाजून आणतात, त्यांना दुसऱ्याच्या भाजणीवर विश्वास नसतो.

उरलं ते असं. दोन डंक्यांचं कांडप यंत्र मोटरसह २,१५,०००, पल्व्हरायझर ७०,०००, वाढीव भार आणि वायरिंग ४०,०००, ओटा आणि फरशी २५,०००. एकूण साडेतीन लाख. आमचा हिस्सा ७०,०००, कर्ज २,८०,०००. हा हिस्सा कुठून, तर माझी भिशी ऑक्टोबरमध्ये लागणार होती, ती ५०,००० आणि घरातले २०,०००. पहिल्या पत्रात मी 'स्वतःचा हिस्सा भरण्यास तयार आहे' असं लिहिलं होतं. तयार असणं बँकेला दिसत नाही, म्हणून भिशी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात भरली आणि पत्रात तारीख टाकली.

आता परतफेड. इथं मी तीनदा लिहिलं नि तीनदा फाडलं.

२,८०,००० रुपये, पाच वर्षं, साडेअकरा टक्के धरले तर हप्ता ६,१६० च्या आसपास येतो, वर्षाला ७३,९२०. कांडपाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. त्यातले कामाचे दिवस मी ९० धरले. पहिल्या पत्रातले रोजचे १०० किलो कुठून आले होते कोण जाणे. दुकानदाराच्या माहितीपत्रकात यंत्राची ताकद लिहिली होती तीच आम्ही गिऱ्हाइकी समजून बसलो होतो. या वेळी मी गावातली घरं मोजली. साडेतीनशे उंबरा. एका घराचा वर्षाचा मसाला आणि तिखट मिळून १० ते १५ किलो. सगळी घरं पहिल्याच वर्षी आपल्याकडं येणार नाहीत, काहींची तालुक्याची सवय जाणार नाही. अडीचशे घरं, सरासरी साडेबारा किलो, म्हणजे ३,१२५ किलो. दिवसाला ३५ किलो पडतं. ५० रुपये किलोनं हंगामाचे दीड लाखाच्या वर. त्यातून मदतीच्या बाईची मजुरी दिवसाला ३०० प्रमाणे २७,०००, वीज आणि दुरुस्ती २२,५००. हातात एक लाखाच्या वर राहतात.

वर्षाचा हिशोब बसला. पण हप्ता वर्षाचा नसतो, महिन्याचा असतो. ऑगस्टमध्ये कांडप शून्य आणि हप्ता तरीही ६,१६०. पहिल्या मसुद्यात मी नुसती वर्षाची बेरीज लिहिली होती. आमच्या ह्यांनी वाचून विचारलं, "आणि आखाडात?" मग गिरणी पुन्हा हिशोबात आली. दळणाचे २४,०००, त्यातून वीज, पट्टा, टाकी वगैरे साडेपाच हजार, घरखर्च १३,०००. महिन्याला साडेपाच हजार उरतात. म्हणजे बिनहंगामी महिन्यात गिरणी हप्ता जवळजवळ ओढते, सहा-सातशे कमी पडतात, ते हंगामातल्या पैशातून बाजूला ठेवायचे. आणि कांडप अर्ध्यावर आलं तर काय, हेही काढलं. अर्ध्या हंगामात खर्च जाऊन ४०,००० उरतील, गिरणीचे वर्षाचे ६६,०००, मिळून १,०६,०००. हप्ते ७४,००० चे. जमतं. हा अर्ध्यावरचा हिशोब पत्रात लिहावा की नाही यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, आपणच कशाला धंदा कमी होईल म्हणून लिहायचं? मला वाटलं, ती मॅडम पेन्सिलीनं तेच काढणार आहे. लिहिलं.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं. नावं आणि क्रमांक काढून टाकले आहेत.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक
>
> विषय : कांडप यंत्रासाठी मुद्रा योजनेच्या किशोर गटातून २,८०,००० रुपये मुदत कर्ज मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आमची पिठाची गिरणी १९ वर्षे चालू असून २०१७ पासून ती मी चालवते. व्यवसायाची उद्यम नोंदणी माझ्या नावे आहे (जोड २).
>
> कर्जाचा हेतू : गिरणीशेजारच्या खोलीत दोन डंक्यांचे कांडप यंत्र व पल्व्हरायझर बसवणे. यंत्रांची किंमत २,८५,००० (जोड ५), वाढीव वीजभार व वायरिंग ४०,००० (जोड ६), ओटा व फरशी २५,०००, एकूण ३,५०,००० रुपये. माझा हिस्सा ७०,००० रुपये आपल्याच शाखेतील माझ्या खात्यात ३० ऑक्टोबर रोजी भरला आहे (जोड ३). माल खरेदीसाठी या कर्जातून रक्कम मागितलेली नाही.
>
> परतफेड : ६० महिने. साडेअकरा टक्के व्याज धरता हप्ता अंदाजे ६,१६० रुपये.
> गिरणीतून दरमहा सुमारे २४,००० रुपये येतात. खर्च व घरखर्च जाऊन सुमारे ५,५०० उरतात. यास आधार १२ महिन्यांची वीजबिले व दळपाची वही (जोड ४). खात्यात ऑगस्टपासून दरमहा सुमारे १६,००० भरणा दिसतो. उरलेली रक्कम घरखर्चास रोख वापरली जाते.
> कांडपाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. ९० दिवस, दररोज ३५ किलो, ५० रुपये दराने खर्च वजा जाता सुमारे १,०८,००० रुपये अपेक्षित. कांडप निम्मे झाले तरी गिरणीसह वर्षाला सुमारे १,०६,००० रुपये उपलब्ध राहतात. वर्षाचे हप्ते ७३,९२० रुपये.
> यंत्र बसण्यास व भार वाढण्यास लागणारा वेळ धरून पहिला हप्ता मार्चपासून ठेवावा, ही विनंती.
>
> खुलासा : (१) उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्याने आयकर विवरणपत्र भरलेले नाही. (२) जागा व वीजजोडणी सासऱ्यांच्या नावे आहे. त्यांचे संमतीपत्र जोडले आहे (जोड ७). (३) २०२१ मध्ये मोबाइलच्या कर्जाचे दोन हप्ते उशिरा भरले गेले. ते कर्ज पूर्ण फिटले आहे (जोड ८).
>
> सोबत : १. आधार, पॅन, फोटो. २. उद्यम नोंदणी. ३. खाते उतारा, १२ महिने. ४. वीजबिले १२ व वहीच्या प्रती. ५. यंत्रांचे दरपत्रक. ६. वाढीव भाराचे कोटेशन, वायरिंगचे दरपत्रक. ७. ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टी पावती, संमतीपत्र. ८. कर्ज फिटल्याचा दाखला.
>
> आपली विश्वासू

खुलाशाचा भाग आमच्या नात्यातल्या एका शिक्षकांना अजिबात आवडला नव्हता. "स्वतःचं वैगुण्य कुणी स्वतः लिहितं का?" पण ते दोन हप्ते सिबिलच्या अहवालात होतेच. लॉकडाऊनमध्ये पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल घेतला होता आणि दोन महिने गिरणी अर्धीच चालत होती. अहवाल मी आधी स्वतः काढून बघितला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात काय आहे हे मला बँकेच्या टेबलावर कळलं असतं तर मी तिथं गडबडले असते. आणि वीजबिलं सासऱ्यांच्या नावाची, धंदा माझ्या नावाचा; हे खुलाशाशिवाय जोडलं असतं तर ज्या कागदावर माझी सगळी मदार, तोच परक्याचा ठरला असता.

कागदांची यादी लिहून झाल्यावर मी प्रत्येक जोडाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात लाल पेननं आकडा टाकला. जोड १, जोड २, असं. प्रत्येक प्रतीवर सही. वीजबिलं महिन्याच्या क्रमानं, आणि वर एक चिठ्ठी, महिना आणि युनिट. खाते उताऱ्यात ३० ऑक्टोबरच्या ओळीला पेन्सिलीनं खूण. पत्रात जो आकडा आहे तो कुठल्या कागदावर आहे हे मी मामांना शोधायला लावलं. त्यांना एक सापडला नाही. वायरिंगचं दरपत्रक जोडायचंच राहिलं होतं. कोटेशन एकट्या भाराचं होतं, २२,००० चं, आणि पत्रात लिहिलेले ४०,०००. वायरमनकडं रात्री माणूस पाठवून १८,००० चं लिहून आणलं.

पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "कशाला पाहिजे, आम्ही काय हरवतोय का?" मी म्हटलं, "दादा, शिक्का मारा, तारीख टाका." कर्जाच्या अर्जाची पोच देणं बँकेचं कामच आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही असा माझा तरी अनुभव. तीन आठवड्यांनी ती पोच उपयोगी पडली. मॅडम रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना माझी फाइल सापडत नव्हती. पोच दाखवल्यावर दुसऱ्या कपाटात सापडली.

डिसेंबरात पाहणीला साहेब आले. हातात माझं पत्र होतं, घडी घातलेलं. फळ्यावर खडूनं लिहिलेला दळणाचा दर वाचला, मीटरपाशी गेले, आकडा टिपला. मग म्हणाले, "शंभर किलोला साडेसात युनिट म्हणता. आत्ता दळून दाखवा." गव्हाचं वीस किलोचं पोतं होतं. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, फरक दीडला जरा वर. ते काही बोलले नाहीत, पत्राच्या कडेला टिक केली. खोली बघताना मात्र त्यांनी एक गोष्ट काढली जी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. गिरणी आणि कांडप यांच्यामध्ये नुसता पत्र्याचा आडोसा होता. "तिखट उडून पिठात गेलं तर दळणाची गिऱ्हाइकं तुटतील, आणि तुमचा अर्धा हप्ता दळणावर आहे." ओट्याच्या २५,००० मध्ये विटांची भिंत बसवली, फरशी निम्मी केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. मागितले तेवढेच मंजूर झाले, व्याज मात्र मी धरलं होतं त्यापेक्षा थोडं कमी. तारण काही घेतलं नाही, मुद्रात ते नसतं. यंत्रच बँकेकडं गहाण राहतं आणि त्याचा विमा काढावा लागतो. विम्याचा खर्च माझ्या पत्रात नव्हता, तो खिशातून गेला. मार्चपासून हप्त्याची विनंती त्यांनी मान्य केली, पण मधल्या महिन्यांचं व्याज भरावं लागेल असं मंजुरीपत्रात होतं. ते मी दुसऱ्यांदा वाचताना बघितलं.

यंत्र २ फेब्रुवारीला आलं, भार वाढून मिळायला २० तारीख उजाडली. मधले अठरा दिवस गिरणी बंद ठेवून कांडप दुपारी दोन ते पाच या वेळात चालवलं. एप्रिलमध्ये एका डंकीचं मुसळ तुटलं, सुटा भाग यायला आठ दिवस गेले, ते दिवस एकाच डंकीवर काढले. पत्रातल्या हिशोबानं हंगामाचे ३,१५० किलो होत होते, वहीत ३१ मे च्या संध्याकाळी मामांनी बेरीज केली ती २,६४० किलो भरली. १,३२,००० रुपये. जूनपासूनच्या महिन्यांना कमी पडणारे पैसे मी वेगळ्या खात्यात टाकले आहेत. यंदा मिरची स्वतः भरायची म्हणून कॅश क्रेडिटचं पत्र लिहायला घेतलंय, आणि त्यात २,६४० च लिहिलेत.